कपाट, नोंदवही आणि फोल्डर

हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून विमानतळाकडे जाताना एका बाजूला तळं दिसतं आणि पलीकडे उंच सोसायट्यांची रांग. मान्यता टेक पार्कात किंवा आसपासच्या कंपन्यांत नोकरी करणारी बरीच मराठी कुटुंबं या सोसायट्यांत राहतात, आणि त्यांच्याबरोबर वर्षातले काही महिने त्यांचे आईवडील. कुणी सोलापूर-साताऱ्याहून आलेले, कुणी बेळगाव-निपाणीचे. या मंडळींना लॅपटॉप आणि मोबाइल वापरायला शिकवणं हे माझं काम. त्यांच्या नातवंडांनाही मी शिकवते. या कामात एक विषय असा आहे की तो समजला तर पुढचं सगळं सोपं होतं आणि समजला नाही तर माणूस वर्षानुवर्षं चाचपडत राहतो. तो विषय म्हणजे फोल्डर. तो समजावताना जवळजवळ प्रत्येक जण एकच दाखला देतो: फोल्डर म्हणजे ऑफिसातलं फायलींचं कपाट. कपाटात खण, खणात फाइल, फायलीत कागद. या दाखल्याबद्दल माझं मत असं बनलं आहे की तो खरा आहे पण अर्धा आहे. ऑफिसात कपाटाशेजारी आणखी एक वस्तू असायची, आवक-जावक नोंदवही. कपाट सांगायचं आणि नोंदवही सांगायची नाही, यातून शिकणाऱ्याचा गोंधळ होतो. आणि ज्या मुलाने कपाटही पाहिलं नाही आणि नोंदवहीही पाहिली नाही, त्याला हा दाखला देण्यात काहीच अर्थ नाही.

हा दाखला मास्तरांनी शोधलेला नाही, तो यंत्रात मुद्दाम घातलेला आहे. झेरॉक्स कंपनीने 1981 मध्ये स्टार नावाचा संगणक बाजारात आणला. तो कचेरीत काम करणाऱ्यांसाठी होता, म्हणून त्याच्या पडद्यावर कचेरीच मांडली होती: कागद, फोल्डर, आलेल्या टपालाचा ट्रे आणि चक्क फायलींचं कपाटसुद्धा. अॅपलने हीच मांडणी आधी लिसा आणि मग 1984 मध्ये मॅकिंटॉशवर नेली, आणि विंडोज 95 नंतर ती घरोघरी पोचली. मात्र यंत्राच्या आत कपाट कधीच नव्हतं. आत असते ती यादी. या नावाची फाइल डिस्कवर अमुक ठिकाणी आहे, त्या नावाची तमुक ठिकाणी, अशा नोंदींची यादी म्हणजे फोल्डर. पहिल्या मॅकिंटॉशवर तर फोल्डर हा निव्वळ देखावा होता. दोन वेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या दोन फायली ठेवता येत नसत, कारण आतल्या हिशेबात सगळ्या डिस्कची मिळून एकच यादी होती. ही उणीव अॅपलने दुसऱ्या वर्षी दूर केली. पण यातून एक गोष्ट ध्यानात येते. पडद्यावरचं चित्र आणि आतली व्यवस्था या पहिल्यापासून दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिकवणाऱ्याला कोणती केव्हा सांगायची हे ठरवावं लागतं.

आधी ज्येष्ठांचं बघू. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेरीत किंवा जिल्हा परिषदेत नोकरी केलेला माणूस कपाटाबाबत आपल्यापेक्षा जास्त जाणतो. त्याने सहा गठ्ठे पद्धतीत काम केलेलं असतं. चालू असलेली प्रलंबित प्रकरणं एका गठ्ठ्यात. बाहेरून उत्तर यायचं आहे अशी प्रतीक्षेतली दुसऱ्यात. नियतकालिक विवरणपत्रं तिसऱ्यात, स्थायी आदेशांची संचिका चौथ्यात. काम संपून अभिलेख कक्षात पाठवायचं ते पाचव्यात आणि नष्ट करायचं ते सहाव्यात. अभिलेख कक्षात गेल्यावरही अ, ब, क, ड असं वर्गीकरण होतं: अ वर्गाचं प्रकरण कायम ठेवायचं, ड वर्गाचं वर्षभरात काढून टाकायचं. फडक्यात बांधलेला गठ्ठा, त्याला लावलेला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर टेबलाचं नाव, विषय आणि वर्ष. हे ज्याच्या हाताखालून गेलं आहे त्याला मी फोल्डर म्हणजे काय हे सांगायला गेले तर त्याने मला हसावं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत, आणि कोणता रुमाल ते ठाऊक असल्याशिवाय तिथे कागद हाती लागत नाही, हे त्यातल्या काहींना माझ्या आधीपासून माहीत असतं. त्यामुळे कागद कुठे ठेवायचा हा यांच्यापुढचा प्रश्न नसतो. पडद्यावर दिसणाऱ्या असंख्य गोष्टींतली कोणती खरोखर कागद आहे आणि कोणती फक्त कागदाची खूण आहे, हे त्यांना कळत नसतं.

म्हणून पहिला धडा मी लॅपटॉपवर घेते, मोबाइलवर नाही. मोबाइल जागा लपवतो, लॅपटॉप ती दाखवतो. हयातीच्या दाखल्याची पीडीएफ, दोन रक्ततपासण्यांचे अहवाल, विजेचं बिल, असं जे काही `Downloads` मध्ये पडलेलं असेल ते घ्यायचं. मोकळ्या जागेवर उजवी कळ दाबून नवा फोल्डर करायचा आणि त्याला ताबडतोब नाव द्यायचं. नाव मराठीत चालतं, ‘पेन्शन’ असं देवनागरीत लिहिलं तरी विंडोज कुरकुर करत नाही. हे आधी सांगितलं की अर्धी भीती जाते. नाव न दिल्यास `New folder`, `New folder (2)`, `New folder (3)` अशी पिलावळ तयार होते, आणि पुठ्ठा नसलेल्या गठ्ठ्यासारखी तिची गत होते. आता दाखल्याच्या फाइलवर उजवी कळ, `Cut`, मग पेन्शन फोल्डर उघडून `Paste`. विंडोज 11 च्या पहिल्या आवृत्त्यांत हे शब्द गेले होते आणि त्या जागी फक्त कात्रीचं आणि पुठ्ठ्याचं चित्र होतं, लॅपटॉपवर तसं असेल तर ते आधीच दाखवून ठेवावं लागतं. इथवर सगळेच शिकवतात. माझ्या मते खरा धडा यानंतर सुरू होतो: परत `Downloads` मध्ये जायचं आणि दाखला तिथे नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. ‘इथे नाही, तिथे आहे’ हे पाहिल्यावरच कागदाला एक जागा असते ही गोष्ट पडद्याबद्दलही खरी आहे यावर माणसाचा विश्वास बसतो. मग तेच `Copy` ने करायचं आणि पुन्हा दोन्हीकडे पाहायचं. आता दोन्ही ठिकाणी आहे. ही झेरॉक्स झाली. झेरॉक्सवर पेनाने काही लिहिलं तर मूळ कागदावर ते उमटत नाही, तसं इथेही. एका प्रतीत बदल केला तर दुसरी जुनीच राहते. महिन्याभराने दोन्हींतली ताजी कोणती हे ओळखायचं तर तारखेचा रकाना पाहायचा. कचेरीतल्या माणसाला हे एकदा सांगितलेलं पुरतं.

आता नोंदवही. वर म्हटलेली दाखल्याची फाइल व्हॉट्सअॅपवर मुलाने पाठवली असं धरा. ती मोबाइलवर किती ठिकाणी दिसते? मुलाबरोबरच्या संभाषणात दिसते. फाइल मॅनेजर उघडला की वरच `Recent` मध्ये दिसते. त्याच्या खाली `Documents` नावाचा विभाग असतो, तिथेही दिसते. शोधाच्या चौकटीत नाव टाकलं की चौथ्यांदा दिसते. कपाटाचा दाखला घेऊन बसलेला माणूस यावरून सरळ हिशेब करतो: एका कागदाच्या चार प्रती झाल्या, म्हणून फोन भरला, तीन काढून टाकू. हिशेबात त्याची चूक नाही, कपाटाच्या जगात असाच हिशेब होतो. वस्तुतः फाइल एकच आहे आणि ती एकाच जागी आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनवर तिचा पत्ता असा असतो:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Documents
```

बाकी सगळ्या याद्या. इथे नोंदवहीचा उपयोग होतो. आलेल्या पत्राची नोंद आवक नोंदवहीत होते, पत्र मात्र संबंधित फायलीत जातं. तेच पत्र पुढे प्रलंबित प्रकरणांच्या गोषवाऱ्यात येतं, कार्यविवरण नोंदवहीतही येतं. म्हणून कुणी पत्रं तीन झाली असं म्हणत नाही. `Recent` ही तारखेने लावलेली नोंदवही, `Documents` विभाग ही प्रकाराने लावलेली, शोधाचा निकाल ही मागणीवरून तेवढ्यापुरती केलेली यादी. नोंदवही चाळून कागदापर्यंत जाता येतं, पण नोंदवहीत कागद ठेवता येत नाही. एवढं एक वाक्य नीट बसलं की ‘मी हा फोटो `Recent` मध्ये कसा ठेवू?’ असा प्रश्न पुन्हा येत नाही. समोरचा माणूस यादी आणि जागा वेगळ्या ओळखायला लागला आहे की नाही, हे ताडायची माझी खूण हीच.

नोंदवहीचा दाखला कुठे तुटतो हेही सांगायला हवं, कारण तिथे नुकसान होतं. कचेरीत नोंदवहीतली ओळ खोडली तर कपाटातला कागद जळत नाही. मोबाइलवर उलटं आहे. `Recent` च्या यादीत फाइलवर बोट दाबून धरलं आणि कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबलं तर नुसती यादीतली ओळ जात नाही, मूळ फाइलही जाते. शोधाच्या निकालातही तसंच. गूगल फोटोजमध्ये तर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बसले आहेत. एखादा फोटो ‘तुळजापूर’ अल्बममधून `Remove from album` करून काढला तर फक्त नोंद जाते, फोटो राहतो. तोच फोटो `Delete` केला तर तो सगळ्या अल्बममधून जातो आणि बॅकअप चालू असेल तर फोनवरूनही जातो, गूगलच्या खात्यातूनही जातो. म्हणजे अल्बम नोंदवहीच्या जातीचा आहे, फोल्डरच्या नाही, जरी दिसायला दोन्ही सारखेच चौकोन असले तरी. गेलेला फोटो ‘ट्रॅश’मध्ये काही काळ राहतो: बॅकअप झालेला असेल तर 60 दिवस, नसेल तर 30. ज्येष्ठांच्या फोनवरचे फोटो ‘आपोआप’ गेल्याची जी तक्रार घरोघरी ऐकू येते, ती बहुतेक वेळा इथून निघते. कुणीतरी जागा मोकळी करायची म्हणून यादीतून ओळ खोडलेली असते. तपासायची रीत सोपी आहे. व्हॉट्सअॅपच्या संभाषणात तो फोटो अजून धूसर दिसतो पण उघडत नाही, असं असेल तर नोंद शिल्लक आहे आणि कागद गेला आहे. एक बिनमहत्त्वाचा फोटो घेऊन हा प्रकार मुद्दाम करून दाखवावा. हरवल्यावर समजावण्यापेक्षा ते बरं. म्हणून माझा नियम असा: काढून टाकायचं ते फक्त जागेवर जाऊन काढायचं, यादीतून कधीच नाही. यंत्र दोन्ही करू देतं म्हणून आपण दोन्ही करावं असं नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बहुधा घरातल्या तरुण माणसाकडून येतो. शोध असताना फोल्डर शिकवायचेच कशाला? नाव टाइप करा, मिळेल. आक्षेपात तथ्य आहे. फोटोंच्या बाबतीत तर हल्ली ‘मंदिर’ किंवा ‘साडी’ असं लिहिलं तरी गूगल फोटोज बरंचसं बरोबर काढून देतं, आणि फोटोंचे फोल्डर करत बसायचा आग्रह मी केव्हाच सोडला आहे. पण कागदपत्रांचं तसं नाही. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या पीडीएफचं नाव अनेकदा `DOC-20241107-WA0003.pdf` असं असतं: आलेली तारीख आणि त्या दिवसातला क्रमांक. यात ना ‘पेन्शन’ शब्द आहे, ना ‘अहवाल’. शोधणाऱ्याला काय टाइप करायचं हेच ठाऊक नसेल तर शोध चालायचा कसा? स्कॅन केलेल्या कागदाचं तर ते चित्रच असतं, त्यातला मजकूर प्रत्येक शोधाला वाचता येतोच असं नाही. त्याहून मोठा मुद्दा असा की शोध एकेक कागद काढून देतो, आणि ज्येष्ठांना एकेक कागद क्वचितच लागतो. दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली की मागचे सगळे अहवाल, विम्याचं कार्ड, आधार आणि आधीच्या औषधांची चिठ्ठी एकदम लागते. आणि ती ज्यांची आहे ते तेव्हा खाटेवर असतात, शोधणारा मुलगा किंवा सून असते. सहा गठ्ठे पद्धतीचा एक मोठा फायदा हाच होता: टेबलावरचा कारकून रजेवर गेला किंवा बदलून गेला तरी नव्या माणसाला प्रकरण हाती लागावं. स्वतःला आठवण्यासाठी शोध पुरतो. दुसऱ्याच्या हाती सोपवायचं असेल तर गठ्ठाच लागतो.

दुसरा आक्षेप जास्त कसाचा आहे. एक कागद दोन विषयांचा असेल तर? दवाखान्याचं बिल ‘दवाखाना’त ठेवायचं की ‘विमा’त? कपाटाने आपल्याला एकाच जागेची सक्ती केली, यंत्रात ती कशाला? यंत्रात ती खरोखरच टाळता येते, आणि गूगल ड्राइव्हने ती बरीच वर्षं टाळून पाहिली. तिथे एकच फाइल अनेक फोल्डरांत ठेवता येत असे. 2020 च्या सप्टेंबराअखेरीस गूगलने ही सोय बंद केली: फाइल राहील एकाच फोल्डरात, दुसरीकडे हवी असेल तर तिथे फक्त वाट दाखवणारा शॉर्टकट. एकच वस्तू दोन जागी आहे ही कल्पना फार लोकांच्या पचनी पडत नाही याचा याहून मोठा पुरावा मला नको. कचेरीतही हेच होतं. कागद एका फायलीत लावायचा आणि दुसऱ्या फायलीत ‘मूळ कागद अमुक फायलीत पाहावा’ अशी चिठ्ठी. बिलाच्या बाबतीत मी विचारायला सांगते की हा कागद शेवटी कुणाच्या हाती द्यायचा आहे. विमा कंपनीला द्यायचा असेल तर तो विम्याचा. ज्यांना शॉर्टकट करणं जड जातं त्यांनी सरळ एक प्रत करावी. चार पानांच्या पीडीएफने डिस्क भरत नाही. फक्त नावात ‘प्रत’ असं लिहावं.

खोलीबद्दल थोडक्यात. कपाट, खण, फाइल एवढ्या तीन पातळ्यांवर प्रत्यक्षात काम भागायचं. फोल्डरात फोल्डर मात्र कितीही घालता येतात, आणि नव्याने शिकलेला माणूस उत्साहाने ते करतो. ‘कागदपत्रे’च्या आत ‘महत्त्वाची’, त्यात ‘घरची’, त्यात ‘2023’, त्यात ‘बिले’, आणि त्यात एकच बिल. मी तिसऱ्या पातळीवर हात धरते: ‘कागदपत्रे’, त्यात ‘पेन्शन’, ‘दवाखाना’, ‘विमा’, ‘घर’, आणि लागलंच तर त्यात वर्ष. बस. फाइलच्या नावात तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. तारखेत तिरकी रेघ विंडोज चालवून घेत नाही, आडवी रेघ चालते.

तिसरा आक्षेप संगणकाचा अभ्यास केलेल्यांचा: आत यादी आहे हे ठाऊक असताना कपाटाचं खोटं चित्र का द्यायचं, सत्यच का सांगू नये? सांगावं, पण ते लागेल तेव्हा. तशी वेळ पेन ड्राइव्ह लावला की येते. लॅपटॉपच्या एकाच डिस्कवर लग्नाचा मोठा व्हिडिओ एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो. तोच पेन ड्राइव्हवर न्यायला घेतला तर हिरवी पट्टी बराच वेळ सरकत बसते. कपाटाच्या दाखल्यात याचं उत्तर नाही. उत्तर यादीत आहे: त्याच डिस्कवर व्हिडिओ हलतच नाही, एका यादीतली ओळ खोडून दुसऱ्या यादीत लिहिली जाते. पेन ड्राइव्ह हे निराळं कपाट आहे, तिथे अक्षर न् अक्षर उतरवून काढावं लागतं. याच्याशीच जोडलेली एक खोड विंडोजमध्ये आहे. माउसने ओढून फाइल त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरात टाकली तर ती हलते, पण दुसऱ्या डिस्कवर टाकली तर तिची प्रत होते. पहिल्या दिवशी ‘जुन्या जागी पाहा, रिकामी झाली का?’ असं शिकवलेला माणूस पेन ड्राइव्हवर ओढतो, जुन्या जागी बघतो, फाइल तिथेच. आपलं काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं. म्हणून ओढणं मी उशिरा शिकवते आणि `Cut`-`Paste` आधी, कारण त्यात काय होणार ते आधी कळतं. वार्धक्यात हात थरथरत असेल तर ओढताना फाइल मध्येच भलत्या फोल्डरात सुटते, हेही कारण आहेच.

आता मुलं. नऊ-दहा वर्षांच्या मुलासमोर फायलींचं कपाट म्हणणं म्हणजे एक अनोळखी गोष्ट दुसऱ्या अनोळखी गोष्टीने समजावणं. आईवडिलांच्या ऑफिसातही आता कपाट उरलेलं नाही. शिवाय मूल यादीत वाढलेलं असतं. यूट्यूब, गॅलरी, गेम, सगळीकडे वर शोधाची चौकट आणि खाली सरकणारी रांग. हे फक्त लहानांचं नाही. अमेरिकेतल्या ‘द व्हर्ज’ या संकेतस्थळाने 2021 मध्ये असा वृत्तान्त दिला होता की विद्यापीठांत विज्ञान शिकणाऱ्या मुलांनासुद्धा फाइल कुठे ठेवली हा प्रश्नच कळेना, आणि प्राध्यापकांना फोल्डर पहिल्यापासून शिकवावे लागले. मुलांच्या बाबतीत मी दाखला बाजूला ठेवून जागेची गरजच समोर आणते. एक रिकामं वेबपान करायचं आणि त्यात मोराचं चित्र लावायचं:

```
<img src="chitra/mor.png">
```

पानाशेजारच्या `chitra` फोल्डरात `mor.png` असेल तोवर पानावर मोर दिसतो. मुलाला सांगायचं, आता चित्र फोल्डरच्या बाहेर काढून पानाशेजारी ठेव आणि पान पुन्हा उघड. मोराच्या जागी फाटक्या चित्राची खूण येते. शोधाच्या चौकटीत `mor` टाकलं तर यंत्राला चित्र सापडतं, पण पानाला सापडत नाही, कारण पान शोधत नाही, दिलेल्या पत्त्यावर जातं. मुलाने पत्त्यातून `chitra/` एवढंच खोडलं की मोर परत येतो. फोल्डर म्हणजे फाइलच्या पत्त्याचा एक भाग, हे मुलाला इथे हाताने कळतं. आजोबांना जे जागेकडून यादीकडे नेऊन शिकवावं लागतं ते नातवाला यादीकडून जागेकडे आणून. दोघांना एकच धडा एकत्र देण्याचा घाट बऱ्याच घरांत घातला जातो आणि मला तो पटत नाही. नातू भराभर शोधून दाखवतो, आजोबा मान डोलावतात, आणि जागा दोघांनाही कळत नाही.

कपाट पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे तोवर हा दाखला वापरायला हरकत नाही, फक्त नोंदवहीसकट वापरावा. घरातल्या ज्येष्ठांना तुम्हीच शिकवणार असाल तर एक विनंती. पेन्शनधारकांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो, आणि घाई तेव्हाच होते. ऑक्टोबरातला एखादा रविवार काढा, मोबाइल बाजूला ठेवून लॅपटॉप उघडा, ‘पेन्शन’ नावाचा फोल्डर त्यांच्या हाताने करवून घ्या, मागच्या वर्षीचा दाखला त्यांच्याच हाताने तिथे हलवू द्या, आणि जुनी जागा रिकामी झाल्याचं ते पाहतील तोवर माउसला हात लावू नका.